शके, संवत आणि वीर निर्वाण संवत : एका वर्षाचा फरक कोठे पडतो

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



उमरीच्या इतिहासात ३० जानेवारी १९४८ हा दिवस बँकेवरील धाडीमुळे कायमचा नोंदला गेला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील त्या घटनेनंतर त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामी राजवट संपुष्टात आली. दोन्ही घटना इसवी सन १९४८ मधील आहेत. त्यांच्यामध्ये २३१ दिवसांचे, म्हणजे सुमारे साडेसात महिन्यांचे अंतर आहे. आता हेच दोन दिवस शालिवाहन शकात मांडले तर पहिला शके १८६९ मध्ये येतो आणि दुसरा शके १८७० मध्ये. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्याच्या विक्रम संवतात मात्र दोन्ही दिवस संवत २००४ मध्येच राहतात आणि वीर निर्वाण संवताप्रमाणेही दोन्ही २४७४ मध्येच. म्हणजे शक मोजणारा म्हणेल की दोन घटनांत वर्ष पालटले आणि वही लिहिणारा म्हणेल की वर्ष पालटलेच नाही. दोघांचेही गणित बरोबर आहे. जाता जाता एवढेही सांगावयास हवे, की १७ सप्टेंबर १९४८ रोजी भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, म्हणजे अनंत चतुर्दशी होती. दिगंबर परंपरेच्या दशलक्षण पर्वाचा तो शेवटचा दिवस.

मंदिराच्या शिलालेखावर, मूर्तीच्या पीठावर, जुन्या वहीत, प्रतिष्ठेच्या पत्रिकेत कालाची नोंद या तीन-चार पद्धतींपैकी एका पद्धतीने झालेली असते, आणि स्मरणिका छापताना ती इसवी सनात उतरवावी लागते. तेथे बहुतेक वेळा एकाच वर्षाची चूक होते. कारण प्रत्येकाला एक आकडा पाठ असतो : शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा. हा आकडा खोटा नाही, पण तो वर्षाच्या एका भागापुरताच खरा आहे.

शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला सुरू होते. इंग्रजी वर्ष १ जानेवारीला सुरू होते. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावस्येपर्यंत मात्र इंग्रजी वर्ष पुढे गेलेले असते आणि शकाचे वर्ष जुनेच असते, म्हणून तेथे ७९ वजा करावे लागतात. उमरीची धाड जानेवारीतील, म्हणून १९४८ मधून ७९ गेले आणि १८६९ राहिले. मुक्तिदिन सप्टेंबरातील, म्हणून ७८ गेले. उलट दिशेने, म्हणजे शकावरून इसवी सन काढताना, चैत्र ते मार्गशीर्ष या महिन्यांत ७८ मिळवावेत, माघ व फाल्गुन या महिन्यांत ७९. पौष महिना १ जानेवारीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, त्यामुळे तेथे तिथी पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. मार्गशीर्षाचे शेवटचे दिवसही कधीकधी जानेवारीत जातात.

हा नियम सोपा असला तरी पाडवा इंग्रजी तारखेने स्थिर नसतो, हे विसरून चालत नाही. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली तो ९ एप्रिलला आला. परिणाम असा की १ एप्रिल २०२३ आणि १ एप्रिल २०२४ हे दोन्ही दिवस शके १९४५ मध्येच पडतात. त्यांच्यात पूर्ण एक वर्षाचे अंतर असून शकाचा आकडा मात्र एकच. दिवाळीच्या बाजूने याच्या उलट घडते. कार्तिक शुद्ध प्रतिपदा २०२४ साली २ नोव्हेंबरला होती आणि २०२५ साली २२ ऑक्टोबरला. त्यामुळे १ नोव्हेंबर २०२४ हा दिवस वीर निर्वाण संवत २५५० मधील, आणि १ नोव्हेंबर २०२५ हा थेट २५५२ मधील. एक वर्ष लोटले आणि आकडा दोनने वाढला. म्हणून मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन सांध्यांवरील घटनांसाठी त्या वर्षाचे पंचांग उघडल्याखेरीज गत्यंतर नाही. बाकीच्या महिन्यांत पाठ केलेला आकडा पुरतो.

येथे एक खुलासा केलेला बरा. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली तिच्यातही शक संवतच आहे, परंतु तिचे वर्ष पाडव्याला नव्हे, तर २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. मंदिरातील लेखांशी तिचा संबंध नाही. तसेच निजामकालीन सरकारी कागदांवर फसली सन आढळतो. त्याचा हिशेब निराळा असून प्रस्तुत विषयात तो घेतलेला नाही.

आता मराठवाड्यातीलच एक कोरीव लेख घेऊन हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. वेरूळच्या जैन लेण्यांच्या वर, डोंगरावर, भगवान पार्श्वनाथांची भव्य प्रतिमा आहे. तिच्या आसनावरील लेखात चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ती करविल्याचे नोंदले आहे आणि त्या डोंगराला चारणाद्री म्हटले आहे. देवगिरीवर तेव्हा यादव राजा सिंघण राज्य करीत होता. लेखातील काल असा आहे : शके ११५६, जय नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध तृतीया, बुधवार.

घाईने ७८ मिळवले तर इसवी सन १२३४ येतो, आणि हा आकडा अनेक ठिकाणी छापला गेलेला दिसतो. पण महिना फाल्गुन आहे. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, तो जानेवारीच्या पुढेच येणार. म्हणून येथे ७९ मिळवावयास हवेत आणि वर्ष १२३५ येते. हे उत्तर पडताळण्यासाठी लेखकर्त्याने स्वतःच दोन खुणा ठेवल्या आहेत.

पहिली खूण संवत्सराच्या नावाची. दक्षिणेत साठ संवत्सरांचे चक्र शकवर्षाशी बांधलेले आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. ११५६ मध्ये १२ मिळवले की ११६८ होतात; ६० ने भागता १९ वेळा भाग जाऊन २८ उरतात; आणि प्रभवापासून अठ्ठाविसावे संवत्सर जय हेच आहे. म्हणजे शकाचा आकडा बरोबर वाचला गेला आहे, त्यातील एखादा अंक झिजून चुकलेला नाही. कोणाला १२३४ हेच वर्ष हवे असेल तर त्या वर्षीच्या फेब्रुवारीतील फाल्गुन शके ११५५ चा होता आणि त्याचे संवत्सर विजय होते. लेखात विजय नाही, जय आहे.

दुसरी खूण वाराची, आणि ती अधिक कडक आहे. शके ११५६ ची फाल्गुन शुद्ध तृतीया २१ फेब्रुवारी १२३५ रोजी येते. त्या दिवशी कोणता वार होता हे गणिताने काढता येते, आणि तो बुधवारच निघतो. तिथी व वार यांची जुळणी योगायोगाने होण्याचा संभव सातात एक. संवत्सर, तिथी आणि वार या तिन्ही जुळल्यावर शंकेला जागा राहत नाही. असे गणित स्वतः करण्याची तयारी नसेल तर स्वामिकन्नू पिल्लई यांची इसवी सन ७०० ते १७९९ या काळाची पंचांग-कोष्टके पाहावीत. त्यांत तिथीसमोर इंग्रजी तारीख आणि वार दिलेला असतो. मात्र ध्यानात ठेवावे, की त्या काळातील इंग्रजी तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या असतात. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मागे मोजले तर तोच दिवस २८ फेब्रुवारी होतो. इतिहासाच्या पुस्तकांत १५८२ पूर्वीच्या तारखा ज्युलियनच ठेवण्याचा प्रघात आहे, आणि तो मोडू नये.

आता वीर निर्वाण संवताकडे वळू. भगवान महावीरांचे निर्वाण ज्या अमावस्येला झाले तिच्या दुसऱ्या दिवसापासून, कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, हे वर्ष सुरू होते. ही अमावस्या महाराष्ट्रात आश्विन अमावस्या म्हणून ओळखली जाते, आणि उत्तरेकडून आलेल्या पत्रिकांत तिलाच कार्तिक कृष्ण अमावस्या म्हटलेले असते. दिवस एकच, उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला संपतो, म्हणून कृष्ण पक्षाला दोन नावे मिळतात. शुक्ल पक्षात असा फरक पडत नाही. राजस्थानातून आलेल्या घराण्यांच्या जुन्या कागदांत वद्य पक्षातील तिथी असेल तर महिन्याचे नाव कोणत्या पद्धतीचे आहे हे आधी ठरवावे, नाहीतर घटना तब्बल एक महिना सरकते.

इसवी सनावरून वीर निर्वाण संवत काढताना दिवाळीपर्यंत ५२६ आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून ५२७ मिळवावेत. दिवाळीला पालटणाऱ्या विक्रम संवताशी त्याचे नाते सर्वांत सरळ आहे : दोन्ही वर्षे एकाच दिवशी सुरू होतात, म्हणून त्यांच्यातील अंतर बारमाही ४७० राहते. शकाशी मात्र नाते इतके सरळ नाही. तिलोयपण्णत्ती, हरिवंशपुराण, त्रिलोकसार या ग्रंथांत निर्वाणानंतर ६०५ वर्षे ५ महिन्यांनी शकराजा झाल्याची गणना आली आहे. तिलोयपण्णत्तीत तिच्याबरोबर इतर मतेही नोंदलेली आहेत, पण परंपरेत स्थिरावली ती हीच. या वाक्यातील ६०५ सर्वांच्या लक्षात राहतो आणि ५ महिने विसरले जातात. वस्तुतः घोळ त्या पाच महिन्यांतच आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पाच महिने होतात. निर्वाण संवत कार्तिकात पालटतो, त्यानंतर पाच महिन्यांनी चैत्रात शक पालटतो. आज रूढ असलेल्या गणनेत शके १ चा पाडवा उगवला तेव्हा निर्वाण संवताचे ६०५ वे वर्ष चालू होते आणि त्याचे पाच महिने सरले होते. म्हणून कार्तिक ते फाल्गुन या पाच महिन्यांत शकात ६०५ मिळवावेत, पण चैत्र ते आश्विन या सात महिन्यांत ६०४ च. शके १९४६ च्या चैत्रात निर्वाण संवत २५५० चालू होता आणि त्याच शकाच्या कार्तिकात २५५१ लागला, एवढे पाहिले तरी खात्री पटते. वेरूळच्या लेखाला हे लावले तर फाल्गुन असल्यामुळे ११५६ मध्ये ६०५ मिळवून वीर निर्वाण संवत १७६१ येतो, त्यातून ४७० वजा करून विक्रम संवत १२९१. इसवी सन १२३५ मध्ये ५२६ मिळवूनही १७६१ च येतात. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचणे हीच पडताळणीची उत्तम रीत आहे.

विक्रम संवताबाबत अजून एक अडचण उरते, आणि व्यवहारात तीच सर्वाधिक फसवते. गुजराती व्यापारी परंपरेत संवत कार्तिकात पालटतो; उत्तर भारतात तो चैत्रात पालटतो. कार्तिक ते फाल्गुन दोन्हींचा आकडा एक असतो, चैत्र ते आश्विन मात्र चैत्री संवत एकाने पुढे असतो. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची समाधी कुंथलगिरी येथे १८ सप्टेंबर १९५५ रोजी, भाद्रपद शुद्ध द्वितीयेला झाली. त्या दिवशी शके १८७७ आणि वीर निर्वाण संवत २४८१ होते. २४८१ मधून ४७० वजा केले की २०११ राहतात. परंतु त्यांच्या चरित्रविषयक लेखनात समाधीचे वर्ष विक्रम संवत २०१२ असे दिलेले आढळते. कोणी याला छापखान्याची चूक समजून दुरुस्त करू नये. २०१२ हा चैत्री संवत आहे, आणि तो भाद्रपदात २०१२ च असावयास हवा.

हाच प्रश्न मूर्तींच्या पीठावर उभा राहतो. शहर मुडासा येथे जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्र यांच्या उपदेशाने संवत १५४८ च्या वैशाख शुद्ध तृतीयेला, अक्षय्य तृतीयेला, प्रतिष्ठा करविलेल्या प्रतिमा देशभरातील अनेक दिगंबर मंदिरांत आहेत. वैशाख महिना नेमका अशा सात महिन्यांपैकी आहे, की जेथे दोन संवतांत फरक पडतो. संवत चैत्री मानला तर १५४८ मधून ५७ वजा करून इसवी सन १४९१ येतो. कार्तिकी मानला तर ५६ वजा करून १४९२. पीठावर वार कोरलेला असेल तर दोन्ही वर्षांच्या त्या तिथीचा वार काढून निवाडा करता येतो. शकही दिलेला असेल तर काम आणखी सोपे. दोन्ही नसतील तर केवळ संवताच्या आकड्यावरून निर्णय होत नाही, आणि अशा वेळी "इ. स. १४९१ किंवा १४९२" असेच छापणे प्रामाणिकपणाचे ठरते. एखाद्या फलकावर ठामपणे एकच वर्ष लिहिलेले दिसते तेव्हा लिहिणाऱ्याने कोणता संवत धरला होता, एवढा प्रश्न जरूर विचारावा.

येथवर एका घटनेचे वर्ष ठरविण्याचा विचार झाला. दोन घटनांतील अंतर काढताना चुकांची जात थोडी वेगळी असते. शांतिसागर महाराजांचेच उदाहरण पुढे नेऊ. त्यांना समडोळी येथे आचार्यपद ८ ऑक्टोबर १९२४ रोजी, आश्विन शुद्ध एकादशीला मिळाले. समाधी १९५५ ची. १९५५ मधून १९२४ वजा केले की ३१ येतात, शके १८७७ मधून १८४६ वजा केले तरी ३१ च येतात. आणि "आचार्यपदाची ३१ वर्षे" असे सहज लिहिले जाते. पण ऑक्टोबर अजून आलेला नव्हता. तारखेने मोजता हा काळ ३० वर्षे ११ महिने १० दिवसांचा भरतो.

आता तोच काळ तिथीने मोजून पाहावा. आश्विन शुद्ध एकादशीपासून तीस वर्षे मोजली की १९५४ सालची आश्विन शुद्ध एकादशी येते. तेथून महिन्यांची नावे मोजत गेले की १९५५ च्या श्रावण शुद्ध एकादशीला दहा महिने होतात आणि पुढे भाद्रपद शुद्ध द्वितीयेपर्यंत २१ तिथी. एकूण ३० वर्षे १० महिने २१ दिवस. तारखेच्या हिशेबापेक्षा हे उत्तर जवळजवळ वीस दिवसांनी कमी आहे. हे दिवस कोठे गेले? १९५५ साली भाद्रपद महिना अधिक होता. म्हणजे श्रावण आणि निज भाद्रपद यांच्या मध्ये एक आखा महिना होता, आणि नुसती नावे मोजणाऱ्याने तो ओलांडला. तो धरला की ११ महिने २१ दिवस होतात. तरीही तारखेच्या हिशेबाशी सुमारे अकरा दिवसांचा फरक राहतो, कारण बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे असते आणि तिथी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे सरकत राहते. ही चूक नव्हे. दोन वेगळ्या मापांनी मोजल्याचा तो परिणाम आहे. म्हणून अंतर सांगताना दोन्ही टोके एकाच मापाने घ्यावीत. एक टोक तिथीने आणि दुसरे तारखेने धरले की उत्तर कशाचेच राहत नाही. आणि तिथीने मोजताना मधल्या वर्षांत अधिक मास पडला होता काय, हे पाहावे. पूर्ण वर्षे मोजताना अधिक मासाचा त्रास होत नाही. तो त्रास देतो शेवटच्या अपुऱ्या वर्षात.

दिवस मोजतानाही असाच एक प्रश्न आहे. महाराजांची सल्लेखना १४ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर १९५५ अशी झाली. वजाबाकीने ३५ येतात. समाजाच्या स्मरणात मात्र ३६ दिवसांची सल्लेखना आहे. दोन्ही बरोबर आहेत. व्रताचे दिवस मोजताना पहिला आणि शेवटचा दोन्ही धरतात, अंतर मोजताना एकच धरतात. अठ्ठाई करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या उपवासाच्या दिवसापासून आठव्यापर्यंत वजाबाकी सातच येते.

इसवी सनापूर्वीच्या आणि नंतरच्या घटनांतील अंतर काढताना आणखी एक वर्ष निसटते. इसवी सन पूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येतो. मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून त्यातून १ वजा करावा लागतो. निर्वाण इसवी सन पूर्व ५२७ चे. १३ नोव्हेंबर १९७४ च्या दिवाळीला २५०० व्या निर्वाण महोत्सवाचा देशभर आरंभ झाला. ५२७ आणि १९७४ मिळून २५०१, त्यातून १ वजा जाता २५००. त्या दिवशी बरोबर २५०० वर्षे पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशी निर्वाण संवत २५०१ लागला. येथे वर्षे पूर्ण झाल्यावर उत्सव झाला. २५५० व्या निर्वाण महोत्सवाचे उद्घाटन मात्र २१ एप्रिल २०२४ रोजी, महावीर जयंतीला, दिल्लीत झाले. त्या दिवशी निर्वाण संवत २५५० चालू होता. २५५० वर्षे पूर्ण झाली ती त्यानंतरच्या दिवाळीला. तसेच ६ एप्रिल २००१ पासून साजऱ्या झालेल्या २६०० व्या जन्मकल्याणक वर्षाचे : जन्म इसवी सन पूर्व ५९९ चा, ५९९ आणि २००१ मिळून २६००, त्यातून १ वजा जाता २५९९. म्हणजे २५९९ वर्षे पूर्ण होऊन २६०० वे लागले होते. एकदा गतवर्ष धरले गेले, दोनदा वर्तमान वर्ष. "२५०० वे" आणि "२५५० वे" या दोन उत्सवांच्या आरंभांत पन्नास वर्षांचे अंतर असावे अशी अपेक्षा कोणी केली तर ते प्रत्यक्षात ४९ वर्षे आणि काही महिनेच निघेल, त्याचे कारण हे.

संस्थांच्या सुवर्णमहोत्सवांतही हाच भेद असतो. स्थापनेचे वर्ष पहिले धरून पन्नासावे लागताच उत्सव सुरू करणारी संस्था ४९ वर्षांची असते. पन्नास पूर्ण करून उत्सव करणारी एक्कावन्नाव्यात पाय ठेवते. कोणतीही रीत चालते. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर "स्थापना" आणि "सुवर्णमहोत्सव" अशी दोन वर्षे छापताना मात्र "पन्नासावे वर्ष" म्हणावयाचे की "पन्नास वर्षे पूर्ण", हे शब्दांनी लिहावे, म्हणजे शताब्दीच्या वेळी पुढची पिढी याच वजाबाकीवर अडणार नाही. आणि प्रतिष्ठेचा नवा लेख कोरावयाचा असेल तर एकट्या संवतावर न थांबता शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार आणि इंग्रजी तारीख एवढे सर्व द्यावे. संवत चैत्री की कार्तिकी हेही लिहावे. वेरूळच्या चक्रेश्वराच्या लेखात संवत्सर आणि वार हे दोन शब्द अधिक होते, म्हणून जवळजवळ आठशे वर्षांनंतरही त्याचा दिवस हाती लागतो.